चित्रपटातली गझल कागदावर कशी उलगडायची: शेर, रदीफ आणि मुखड्याचा हिशेब

काही वर्षांपूर्वी घरगुती बैठकीत मी ‘बाजार’ या हिंदी चित्रपटातलं ‘दिखाई दिए यूँ’ म्हणायला घेतलं. शब्द पाठ, चाल पाठ. पहिला अंतरा नीट झाला. सवयीप्रमाणे मुखड्याची पहिली ओळ म्हटली, ‘दिखाई दिए यूँ कि बेखुद किया’, आणि थांबलो. तबलजीनं तिहाई घेतली, पण सम आल्यावर सगळे माझ्याकडे बघत राहिले. सूर चुकला नव्हता, ताल चुकला नव्हता, तरी जिन्याची शेवटची पायरी नसावी तसं काहीतरी झालं होतं. दुसऱ्या अंतऱ्यानंतरही तेच. घरी येऊन कागद घेऊन बसलो तेव्हा कळलं की चूक गळ्याची नव्हती. मी गझलेला गीत समजून चाललो होतो.

तुम्ही चित्रपटातली गझल गाणार असाल, तिला चाल लावणार असाल किंवा नुसतं ऐकताना ‘ही गझल की गीत?’ असा प्रश्न पडत असेल, तर पुढची पद्धत वापरून बघा. नमुना म्हणून हेच गाणं धरलंय. ते उर्दू शायर मीर तकी मीर यांच्या जुन्या गझलेवरून घेतलेलं आहे आणि त्यात मुखड्याची एक गंमत आहे, जी इतर गाण्यांत सहसा दिसत नाही.

काय काय लागेल

- गाण्याचं ध्वनिमुद्रण, थांबवत थांबवत ऐकता येईल असं.
- मूळ गझलेची पूर्ण संहिता, शक्यतो छापील दिवानातून, म्हणजे कवीच्या स्वतःच्या गझलसंग्रहातून, किंवा चांगल्या निवडक संग्रहातून. गाण्याचे बोल देणाऱ्या पानांवर विसंबू नका, कारण पुढे सांगतो.
- कोरा कागद आणि दोन रंगांच्या पेन्सिली. एक रदीफासाठी, एक काफियासाठी; हे दोन्ही काय ते पायरी २ आणि ३ मध्ये येईल.
- उर्दू शब्दांचा साधा कोश.

पेटी असेल तर उत्तम, नसली तरी पहिल्या चार पायऱ्यांना ती लागत नाही.

१. गाणं ऐकू येतं तसं लिहू नका, आवृत्त्या गाळून लिहा

पहिला घोळ इथेच होतो. गाण्यात शेराची पहिली ओळ दोनदा, कधी तीनदा येते. मग दुसरी ओळ, मग तिचा शेवटचा तुकडा पुन्हा, मग मुखडा. हे सगळं ऐकू येईल तसं उतरवलं तर एका अंतऱ्याच्या सहा-सात ओळी होतात आणि दोन ओळींचा शेर त्यात दिसेनासा होतो.

गझलेत शेर म्हणजे दोन ओळी. पहिलीला उला मिसरा म्हणतात, दुसरीला सानी मिसरा. ओळ कितीही वेळा गायली तरी ती एकच ओळ. म्हणून प्रत्येक ओळ एकदाच लिहा आणि किती वेळा म्हटली आहे तो आकडा समासात टाका. हा आकडा फेकू नका, पायरी ५ मध्ये लागेल.

‘दिखाई दिए’ असं गाळून लिहिलं की चार शेर उरतात:

दिखाई दिए यूँ कि बेखुद किया
हमें आप से भी जुदा कर चले

जबीं सजदा करते ही करते गई
हक-ए-बंदगी हम अदा कर चले

परस्तिश की याँ तक कि ऐ बुत तुझे
नजर में सभों की खुदा कर चले

बहुत आरजू थी गली की तेरी
सो याँ से लहू में नहा कर चले

बस, आठ ओळी. एवढ्यावर पूर्ण गाणं उभं आहे.

आता सापळा. तिसऱ्या शेराची पहिली ओळ बऱ्याच ठिकाणी ‘परस्तिश किया तक के’ अशी लिहिलेली सापडते. गाताना ‘की याँ’मधली ‘की’ ऱ्हस्व होते, त्यामुळे कानाला ते ‘किया’च वाटतं. वजनही तेच भरतं, म्हणजे वृत्त मोजून ही चूक पकडता येत नाही. अर्थ लावायला गेलात की मात्र अडता. ‘याँ’ म्हणजे ‘यहाँ’: इथवर पूजा केली की, हे मूर्ती, सगळ्यांच्या नजरेत तुला देव करून टाकलं. चौथ्या शेरातल्या ‘याँ से’चंही असंच ‘यासे’ होतं. ओळीचा अर्थ सरळ लागत नसेल तर आधी संहितेवर संशय घ्या, मग कवीवर.

२. ओळी शेवटाकडून वाचा आणि रदीफ रंगवा

गझल ओळखायची असेल तर तिची सुरुवात बघू नका, शेवट बघा. प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीच्या टोकाला जाऊन मागे मागे या. जिथपर्यंत शब्द जसाच्या तसा, अक्षरही न बदलता परत येतो, तिथपर्यंत रदीफ. वरच्या आठ ओळींत सम क्रमांकाच्या चार ओळींच्या शेवटी ‘कर चले’ आहे. तो एका रंगानं रंगवा.

रदीफ आणि गीताचं ध्रुवपद यांत लोक गल्लत करतात. ध्रुवपद म्हणजे अख्खी ओळ (किंवा दोन), जी कडव्यानंतर बाहेरून येऊन बसते. रदीफ शेराच्या आतच असतो, त्याच्या वाक्याचा भाग म्हणून. म्हणून ध्रुवपदाचा अर्थ तोच राहतो आणि रदीफाचा मात्र हलतो.

‘कर चले’कडे जरा जवळून बघा. ‘जुदा कर चले’मध्ये ‘कर’ हा करणे या क्रियापदाचा भाग आहे: वेगळं करून गेले. कोण गेलं? समोरची व्यक्ती. ‘अदा कर चले’मध्ये ‘कर’ तोच, पण जाणारे आता आपण: भक्तीचं देणं चुकतं करून निघालो. आणि ‘नहा कर चले’मध्ये ‘कर’ क्रियापद राहतच नाही, तो नुसता ‘न्हाऊन’मधला ‘ऊन’ आहे: रक्तात न्हाऊन निघालो. अक्षरं तीच, पण व्याकरण बदललं आणि कर्ताही बदलला. ‘कर चले’ पुन्हा पुन्हा येऊनही कंटाळा येत नाही तो यामुळे. ज्या गझलेत रदीफ प्रत्येक वेळी एकाच अर्थानं येतो, ती चार शेरांनंतर घोषणेसारखी वाटायला लागते.

गाणाऱ्यासाठी याचा उपयोग असा की प्रत्येक ‘कर चले’वर तोच भाव आणू नका. ‘नहा कर’ एकत्र म्हणा, मध्ये श्वास घेतलात तर ‘नहा’ लोंबकळतं. ‘जुदा’ आणि ‘कर’मध्ये मात्र किंचित जागा खपते.

एक खबरदारी. काही गझलांना रदीफच नसतो, नुसता काफिया असतो. त्यामुळे रदीफ सापडला नाही म्हणून लगेच ‘गझल नाही’ असा शिक्का मारू नका, पुढची पायरी करून मग ठरवा.

३. रदीफाच्या अलीकडचा शब्द तपासा

रदीफाच्या लगेच आधी येणारा, बदलणारा आणि तरी यमकात बसणारा शब्द म्हणजे काफिया. आपल्या गाण्यात: जुदा, अदा, खुदा, नहा. दुसऱ्या रंगानं रंगवा. यात फक्त शेवटचा ‘आ’ समान आहे. ‘जुदा-अदा-खुदा’मध्ये ‘दा’ जुळलाय, म्हणून ‘दा’च हवा असं वाटतं, पण ‘नहा’ आला आणि नियम ‘आ’चा आहे हे उघड झालं. मराठीत याला स्वरकाफिया म्हणतात. म्हणजेच दोन शब्द बघून नियम ठरवू नका, सगळे बघा.

जिथे शेवटी व्यंजनही कायम असतं, तिथे त्याच्या आधीचा स्वर सांभाळावा लागतो. त्याला मराठी गझलकार अलामत म्हणतात. हे समजवायला मी माझाच एक कच्चा नमुना देतो, मीरच्या गझलेच्याच वजनात (लगागा लगागा लगागा लगा, म्हणजे भुजंगप्रयाताच्या शेवटचा एक गुरू काढलेला):

जुना मेघ दारात आला पुन्हा
शहारा उभ्या अंगणाला पुन्हा

जिथे वाट संपून गेली तिथे
तुझा हात हाती मिळाला पुन्हा

विचारू नका पावसाची दिशा
विचारा जरा उंबऱ्याला पुन्हा

रदीफ ‘पुन्हा’. काफिये आला, अंगणाला, मिळाला, उंबऱ्याला. कायम राहणारं अक्षर ‘ला’ आणि त्याच्या आधीचा स्वर ‘आ’. इथे कुणी ‘उशीला पुन्हा’ असा शेर जोडला तर ‘ला’ आहे, वजनही आहे, पण ‘आ’च्या जागी ‘ई’ आली. गाताना पटकन कळत नाही, कारण ‘ला पुन्हा’ हा तुकडा ओळखीचा असतो आणि कान त्यावर भाळतो. कागदावर लगेच दिसतं. चालीच्या झुल्यात काफिया चुकलेले शेर सहज खपून जातात, म्हणून ही तपासणी गाणं बंद करून करायची.

४. आता मुखडा बघा: तो मतला आहे का?

लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, म्हणून इथे सावकाश जाऊ.

गझलेच्या पहिल्या शेराला मतला म्हणतात. त्याच्या दोन्ही ओळींच्या शेवटी काफिया आणि रदीफ असतो. नंतरच्या शेरांत तो फक्त दुसऱ्या ओळीत येतो, पहिली ओळ मोकळी असते. मतला म्हणजे श्रोत्याशी केलेला करार: यमक असं असेल, शेवट असा होईल. माझ्या नमुन्यात ‘आला पुन्हा’, ‘अंगणाला पुन्हा’ हा तो करार.

चित्रपटगीताला मुखडा लागतो. मतल्याच्या दोन्ही ओळी एकाच ठिकाणी उतरत असल्यामुळे मतला उचलायचा आणि मुखडा करायचा, हे सोयीचं. ‘उमराव जान’ (१९८१) मधलं ‘दिल चीज क्या है’ असंच आहे. शहरयार यांची गझल, खय्याम यांचं संगीत. मुखड्याच्या दोन्ही ओळी ‘लीजिए’वर संपतात आणि त्याआधी ‘जान’, ‘मान’ हे काफिये. (जाता जाता: ‘जान लीजिए’मध्ये ‘लीजिए’ म्हणजे ‘घ्या’, तर ‘मान लीजिए’मध्ये ते नुसतं मदतीला आलेलं क्रियापद आहे. ‘कर चले’सारखाच खेळ.)

पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, त्याच खय्याम यांनी ‘बाजार’साठी मीरची गझल लता मंगेशकरांकडून गाऊन घेतली आणि तिथे वेगळं केलं. गाळून लिहिलेल्या आठ ओळींकडे परत जा. पहिल्या शेरात ‘कर चले’ किती वेळा आहे? एकदाच. ‘बेखुद किया’ ही ओळ रदीफावर संपत नाही. म्हणजे हा मतला नाही, मधला एक शेर आहे. मीरचा खरा मतला हा:

फकीराना आए सदा कर चले
मियाँ खुश रहो हम दुआ कर चले

फकिरासारखे आलो, साद घालून निघालो. बाबा, सुखी राहा, आम्ही दुवा देऊन चाललो. हा निरोपाचा शेर आहे, उंबऱ्यावरून पाठ फिरवताना म्हटलेला. ‘बाजार’मध्ये गाणं कोवळ्या प्रेमात पडलेल्या दोन जीवांवर आहे. तिथे सुरुवातीलाच ‘मियाँ खुश रहो’ म्हटलं असतं तर प्रसंग सुरू होण्याआधी संपला असता. म्हणून, मला वाटतं, मतला बाजूला ठेवून ‘दिखाई दिए’ पुढे आणला गेला. दिसलात आणि भान हरपवलंत, ही कुठल्याही प्रेमाची पहिली पायरी.

गझलेत हे करता येतं, कारण शेर एकमेकांवर टेकलेले नसतात. प्रत्येक शेर आपल्या दोन ओळींत पूर्ण. मधून उचला, वगळा, क्रम बदला, इमारत पडत नाही. गीताचं दुसरं कडवं पहिल्या जागी ठेवून बघा, गोष्ट बिघडते. चित्रपटवाले या मोकळिकीचा पुरेपूर फायदा घेतात: दहा-बारा शेरांतून प्रसंगाला लागतील ते तीन-चार.

पण मतला नसलेल्या मुखड्याची किंमत असते, ती पायरी ६ मध्ये मोजू.

इथला नेहमीचा सापळा अर्थाचा आहे. ‘हमें आप से भी जुदा कर चले’ ऐकून बहुतेकांना वाटतं ‘आप’ म्हणजे ‘तुम्ही’. मग ‘आम्हाला तुमच्यापासूनही वेगळं केलं’ असा विचित्र अर्थ निघतो आणि ते वेगळं करणारं कोण हे कळत नाही. इथे ‘आप’ म्हणजे स्वतः, आपल्या ‘आपोआप’मधला ‘आप’. असे दिसलात की भान हरपवलंत, आम्हाला स्वतःपासूनही वेगळं करून गेलात. ‘बेखुद’ शब्दानं हीच वाट करून ठेवलेली आहे.

५. एक अंतरा म्हणजे एक शेर: ताण कुठे, उतार कुठे

समासात लिहिलेले आकडे आता काढा. बहुतेक गझलगाण्यांत असं दिसेल की उला मिसरा दोनदा गायला आहे आणि सानी एकदाच. हे गायकाच्या लहरीवर नाही.

मुशायऱ्यात शायर उला म्हणतो, थांबतो, पुन्हा म्हणतो. श्रोते ती ओळ उचलून धरतात. ती मोकळी असते, यमक नसलेली, प्रश्नासारखी. ‘जबीं सजदा करते ही करते गई’: कपाळ सजदे करता करता झिजून गेलं. बरं, मग? जाणता श्रोता तेवढ्या वेळात काफिया हुडकत असतो. सानी सुरू झाला की शेवट त्याच्याही तोंडात येतो आणि ‘अदा कर चले’ सगळे मिळून म्हणतात.

ध्वनिमुद्रित गाण्यात समोर श्रोते नाहीत, पण ताण तोच ठेवावा लागतो, तो चालीनं. म्हणून अंतऱ्यात उला सहसा वरच्या सुरांत जातो, दुसऱ्या वेळी जागा बदलून येतो आणि वर अडकून राहतो. सानी तिथून खाली उतरतो. आणि रदीफ बहुतेकदा मुखड्यातला रदीफ ज्या सुरांवर बसला होता त्याच सुरांवर येऊन बसतो. हे स्वतः तपासा: मुखड्याची दुसरी ओळ आणि अंतऱ्याची दुसरी ओळ, दोन्हींचा फक्त शेवटचा तुकडा पाठोपाठ ऐका. सूर सारखे किंवा अगदी शेजारचे निघाले तर संगीतकारानं रदीफ ओळखून चाल बांधली आहे.

गीतात हे काम वेगळ्या पद्धतीनं होतं. सुरेश भटांचं ‘सिंहासन’मधलं (१९७९) ‘उषःकाल होता होता’ घ्या. कवी गझलेचा, त्यामुळे अनेकजण या गाण्याला गझल म्हणून मोकळे होतात. कागदावर लिहून बघा: प्रत्येक अंतऱ्यात तीन ओळी आहेत. पहिल्या दोन आपापसांत यमक जुळवतात आणि तिसरी मुखड्याच्या यमकाकडे परत येते. ती तिसरी ओळ म्हणजे परतीचा पूल. गझलेच्या शेरात असा पूल बांधायला जागाच नाही, दोनच ओळी. तिथे काफिया आणि रदीफ हाच पूल. म्हणून पायरी १ नंतर अंतऱ्यात दोनच्या जागी तीन-चार ओळी उरल्या आणि त्यांची आपसातली यमकं निघाली, तर समोर गीत आहे, कितीही गझलेसारखं वाटो.

चाल लावणाऱ्या नवख्यांची नेहमीची चूक: उला मिसऱ्यालाच समेवर भरभक्कम ठेहराव देणं. ओळ संपली की श्रोत्याला शेर संपल्यासारखा वाटतो, सानी मग शेपटासारखा मागून येतो. माझ्या नमुन्यातल्या ‘विचारू नका पावसाची दिशा’ला षड्जावर आणून सोडा आणि बघा, पुढच्या ‘उंबऱ्याला पुन्हा’चा दम निघून जातो. ‘दिशा’ उघड्या सुरावर सोडा, पंचमावर म्हणा, कुठेही, फक्त घरी आणू नका.

दुसरी चूक वाद्यांच्या तुकड्याची. संगीताचा तुकडा दोन शेरांच्या मधे हवा. उला आणि सानीच्या मधे लांब तुकडा घातला तर ऐकणारा पहिली ओळ विसरतो आणि शेर मोडतो. सतारीची किंवा सारंगीची छोटी जागा चालते, चार आवर्तनं नाही.

६. परत मुखड्याकडे: एक ओळ की दोन?

माझ्या फजितीचं उत्तर इथे आहे.

मुखडा मतला असेल तर तुम्ही निवांत आहात. माझ्या नमुन्यावरच बघा. अंतरा संपला: ‘विचारा जरा उंबऱ्याला पुन्हा’. परत मतल्याची पहिली ओळ: ‘जुना मेघ दारात आला पुन्हा’. उंबऱ्याला पुन्हा, आला पुन्हा. काफियाला काफिया आणि रदीफाला रदीफ भेटला. इथे थांबलात तरी कान तृप्त. दुसरी ओळ म्हणायची की नाही ही तुमची मर्जी.

आता समजा मी मुखडा म्हणून दुसरा शेर घेतला. अंतरा संपला ‘उंबऱ्याला पुन्हा’वर आणि मी परतलो ‘जिथे वाट संपून गेली तिथे’वर. ‘पुन्हा’नंतर ‘तिथे’. काही जुळत नाही आणि वाक्यही अर्धं. तिथे काय? ‘दिखाई दिए यूँ कि बेखुद किया’वर थांबून मी नेमकं हेच केलं होतं. ती ओळ उला आहे, तिचं कामच लटकत ठेवण्याचं. तबलजीची सम बरोबर होती, माझा शेर अर्धा होता.

म्हणून नियम सोपा. मुखडा मतला असेल तर एका ओळीवर परतून थांबता येतं. मुखडा साधा शेर असेल तर थांबायचं असेल तेव्हा दोन्ही ओळी म्हणा, म्हणजे ‘जुदा कर चले’पर्यंत जा. एका ओळीवर सोडायचंच असेल तर लगेच वाद्यं उचलून धरतील अशी सोय हवी. तेव्हा तो लटकलेपणा पुढच्या तुकड्यात ओढून नेता येतो आणि चांगलाही वाटतो. नुसत्या पेटी-तबल्यावर, शांत बैठकीत, तो उघडा पडतो.

मूळ ध्वनिमुद्रण लावून प्रत्येक अंतऱ्यानंतर मुखड्याचा किती भाग येतो आणि त्यामागे लगेच काय वाजतं, एवढंच टिपा. मी टिपलं नव्हतं. मला फक्त पहिली ओळ आठवत होती, कारण गाणं आपण तिच्याच नावानं ओळखतो.

ही अडचण चाल लावणाऱ्यालाही आधीच सोडवावी लागते. मतला नसलेला मुखडा निवडलात तर पहिल्या ओळीची चाल उघडी आणि दुसरीची बंद, असा फरक मुखड्यातच हवा. दोन्ही ओळींना सारखीच चाल दिलीत (मतल्याला ती शोभते) तर काफिया नसलेली ओळ काफिया असल्याचा आव आणते आणि यमक चुकल्याचा भास होतो.

७. काय गाळलं आहे ते लिहून ठेवा

शेवटी मूळ गझल शेजारी ठेवा आणि गाण्यात नसलेल्या शेरांवर खूण करा. दोन जागा रिकाम्या सापडतात. एक मतल्याची कधीकधी, जी आपण पाहिली. दुसरी मक्त्याची, म्हणजे ज्या शेवटच्या शेरात कवी आपलं नाव गुंफतो त्याची. चित्रपटात गाणारं पात्र कवी नसतं, त्याच्या तोंडी कवीचं नाव कसं शोभणार? ‘बाजार’च्या गाण्यातही मक्ता नाही.

बैठकीत गाताना मात्र तुम्ही पात्र नसता. तिथे मतला आणि मक्ता परत जोडायला हरकत नाही, वृत्त एकच असल्यामुळे अंतऱ्याच्या चालीत मक्ता आरामात बसतो. एवढंच सांभाळा की ‘मीर’ हा शब्द उला मिसऱ्याच्या टोकाला आहे, तेव्हा नाव घेऊन थांबू नका, सानीपर्यंत जा. मतला जोडणार असाल तर तो सुरुवातीला, तालाशिवाय, नुसता म्हणा आणि मग ठेका धरून ‘दिखाई दिए’वर या. ‘कर चले’ दोनदा कानावर पडलेला असतो, त्यामुळे पुढे ‘जुदा कर चले’ येतं तेव्हा ऐकणारे ते तुमच्याआधी म्हणतात. पुढच्या खेपेला मी असंच केलं, आणि मक्त्यावर संपवलं:

कहें क्या जो पूछे कोई हम से मीर
जहाँ में तुम आए थे क्या कर चले